पंपानंतरची चूळ: तोंडातले पांढरे डाग का येतात आणि कसे जातात

नोव्हेंबरच्या शेवटी पंचवटीतल्या एक मावशी सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. वय त्रेसष्ट. दम्याचा त्रास वीस वर्षांपासून, मधुमेह सात-आठ वर्षांपासून, आणि वरच्या जबड्याला पूर्ण कवळी. तोंडाची आग होत होती, घास गिळवत नव्हता. "मिसळीचं तर सोडाच, साधा वरणभातही झोंबतो," त्या म्हणाल्या. घरच्यांनी उष्णता समजून सगळे उपाय करून झाले होते. जाईचा पाला चावून झाला, रात्री गुलकंद, सकाळी सब्जा, औषधाच्या दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या दोन पट्ट्या. तीन आठवड्यांत फरक शून्य. उलट गुलकंदानं साखर वाढली असणार, हे मला तेव्हाच वाटलं.

बोलता बोलता सून म्हणाली, "आठ दिवसांपासून आईंनी पंपही बंद केलाय. पंपाची पावडरच तोंडात चिकटून बसलीय म्हणतात."

हे ऐकून मी तोंड बघायच्या आधी मावशींचा श्वास ऐकला. बोलताना वाक्य तुटत नव्हतं, पण श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. रात्री दोन वाजता खोकल्यानं जाग येते, हे त्यांनी विचारल्यावरच सांगितलं. मी दाताची डॉक्टर असले तरी त्या दिवशी पहिलं काम पंप परत सुरू करण्याचं होतं. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन केला आणि त्यांनी त्याच संध्याकाळी मावशींना बोलावून घेतलं.

हा लेख त्या मावशींच्या तोंडाबद्दल आहे. तोच प्रकार मी दर हिवाळ्यात पाहते. नाशकात दिवाळीनंतर थंडी पडली की दम्याच्या लोकांचे डोस वाढतात, आणि डोस वाढल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्यातले काही जण "तोंड आलंय" म्हणत माझ्याकडे येतात.

हे तोंड येणं वेगळं

आपल्याकडे तोंडात काहीही झालं की त्याला "तोंड आलं" म्हणतात. पण नेहमीचं तोंड येणं म्हणजे एक-दोन छोटे गोल फोड. मध्ये पिवळसर, कडेला लाल, बोट लावलं की नेमकं तिथेच दुखतं, आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. मावशींच्या तोंडात तसं काही नव्हतं. टाळूच्या मागच्या मऊ भागावर, जिभेच्या मागच्या बाजूला आणि गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके पसरले होते. मी ओल्या गॉजनं एक ठिपका हलकेच पुसला. तो निघाला आणि खाली लालबुंद, किंचित रक्ताळलेली जागा दिसली. आग त्या सोललेल्या जागेची होत होती.

ही बुरशी आहे. तिचं नाव कॅन्डिडा, आणि या आजाराला डॉक्टर ओरल थ्रश म्हणतात. ही बाहेरून लागलेली नसते. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती थोड्या प्रमाणात कायम असते आणि काही त्रास देत नाही. तोंडातले इतर जंतू, लाळ आणि तिथल्या रोगप्रतिकारक पेशी तिला वाढू देत नाहीत. त्यामुळे मावशींना ती कुणाकडून लागली, किंवा त्यांच्यामुळे नातवाला लागेल का, ही भीती धरायचं कारण नव्हतं.

मग ती वाढली कशानं? पावडर चिकटून बसल्यानं नव्हे. पंपाची भुकटी इतकी बारीक आणि थोडी असते की ती दिसत नाही. पण मावशींच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, कारण पंपातलं औषध तोंडात राहतंच.

दम्याच्या रोजच्या पंपात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन असं एखादं स्टेरॉइड असतं. त्याचं काम फुप्फुसातल्या नळ्यांची सूज कमी करणं. पण आपण पंप ओढतो तेव्हा औषधाचा थोडाच भाग फुप्फुसात पोचतो. तंत्र चांगलं असलं तरी निम्म्याहून जास्त औषध जीभ, टाळू आणि घसा यांवर आदळून तिथेच राहतं. फवारा सरळ जातो आणि घशाशी वळण आहे, म्हणून मागचा टाळू आणि जिभेचं मूळ यांना सगळ्यात जास्त मारा बसतो. तिथे स्टेरॉइड तेच काम करतं जे त्यानं फुप्फुसात करावं अशी आपली अपेक्षा असते, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना शांत करणं. पहारेकरी सुस्तावले की बुरशी वाढते. हे सगळं फक्त तोंडापुरतं घडतं. पंपामुळे अख्ख्या शरीराची प्रतिकारशक्ती गेली, असा त्याचा अर्थ नाही.

पण पंप घेणाऱ्या सगळ्यांना हे होत नाही. मावशींच्या बाबतीत चार-पाच गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं दमा उसळला, म्हणून ब्युडेसोनाइडचा डोस दोनशेवरून चारशे मायक्रोग्रॅम झाला, तोही दिवसातून दोनदा. त्याच वेळी पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक. अँटिबायोटिकनं बुरशीला दाबून ठेवणारे तोंडातले चांगले जंतू कमी केले. साखर आधीच वाढलेली. नंतर केलेल्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.९ निघालं. साखर जास्त असली की लाळेतही ती वाढते आणि बुरशीला खाऊ मिळतो. शिवाय वरची कवळी.

पंप बंद करू नका

डोस ऐकून मावशी घाबरल्या होत्या. "चारशे म्हणजे केवढं स्टेरॉइड!" म्हणून मी त्यांना हिशोब सांगितला. चारशे मायक्रोग्रॅम म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी, दिवसातून दोनदा घेतलं तरी एका मिलिग्रॅमच्या आत. दम्याचा झटका आला की जी प्रेडनिसोलोनची गोळी देतात, तिचा दिवसाचा डोस बहुधा तीस-चाळीस मिलिग्रॅम असतो, आणि ती पोटातून थेट रक्तात जाते. औषधं वेगळी असल्यानं नुसत्या वजनावरून दोन्हींची ताकद ठरत नाही. तरी गणित स्पष्ट आहे: रोजचा छोटा डोस टाळला तर झटका येतो आणि झटका आला की मोठा डोस घ्यावाच लागतो. गोळ्यांच्या त्या मोठ्या डोसनं साखर वाढते, आणि साखर वाढली की थ्रश पुन्हा बळावतो. थ्रशच्या भीतीनं पंप बंद केला तर थ्रशच वाढायचा रस्ता मोकळा होतो, शिवाय जीवावरही बेतू शकतं. थ्रश हा त्रास आहे, दम्याचा झटका हा धोका आहे. डोस कमी करायचा की नाही हे छातीचे डॉक्टर ठरवतात, आणि तेही दमा साधारण तीन महिने नीट आटोक्यात राहिल्यावर.

औषध

सौम्य थ्रशला पोटातल्या गोळ्यांची गरज नसते. बुरशी तोंडात आहे, औषधही तोंडातच लावायचं. आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतं ते क्लोट्रिमाझोलचं एक टक्क्याचं माउथ पेंट, ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत येतं. मावशींना मी ते दिवसातून चार वेळा, तीन जेवणांनंतर आणि रात्री झोपताना लावायला सांगितलं. स्वच्छ बोटानं किंवा कापसाच्या बोळ्यानं डागांवर लावायचं, जिभेवर काही थेंब टाकून तोंडात फिरवायचं, आणि त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा अर्धा तास महत्त्वाचा आहे. हे औषध लागलेल्या जागी टिकलं तरच काम करतं. लगेच चहा घेतला तर ते चहाबरोबर पोटात जातं.

निस्टॅटिनचं द्रावण किंवा मायकोनाझोलची जेलही चालते, डॉक्टर सांगतील तशी. निस्टॅटिन तोंडात जितका वेळ धरून ठेवता येईल तितका वेळ ठेवायचं आणि मग गिळायचं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही. मायकोनाझोल जेलबद्दल एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ती लावू नये. जेल तोंडातच लावतात म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तिच्यामुळे वॉरफेरिनचा परिणाम इतका वाढू शकतो की रक्तस्राव होतो.

औषध किती दिवस लावायचं, यात बहुतेक लोक चुकतात. तीन-चार दिवसांत आग थांबते, ठिपके विरळ होतात आणि बाटली कपाटात जाते. दिसणारे ठिपके गेले तरी बुरशीचे धागे वरच्या थरात अडकलेले असतात. एक ते दोन आठवड्यांचा कोर्स पूर्ण करायचा, आणि तोंड स्वच्छ दिसल्यानंतरही किमान दोन दिवस औषध चालू ठेवायचं. मावशींना मी चौदा दिवस सांगितले होते.

थ्रश जास्त असेल, किंवा लावायच्या औषधानं जात नसेल, तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या देतात. मावशींना त्या द्यायला मी कचरले, कारण त्या मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होत्या. यकृतातलं जे एन्झाइम ग्लिमेपिराइड मोडतं, तेच फ्लुकोनाझोल अडवतं. मग साखरेची गोळी शरीरात जास्त वेळ राहते आणि साखर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ. म्हणून "शेजारणीला दीडशेची एक गोळी दिली होती, तीच घेते" असं करू नका. कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या काही औषधांशीही तिचं पटत नाही, आणि गरोदरपणात ती टाळतात. आणखी एक जोडी छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही: इट्राकोनाझोलसारखी बुरशीची गोळी आणि पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. ही गोळी त्या स्टेरॉइडला मोडू देत नाही, त्यामुळे एरवी निरुपद्रवी असलेला पंपाचा डोस रक्तात साठत जातो.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या तेव्हा तोंड स्वच्छ होतं. मी त्यांना विचारलं, "पंपानंतर चूळ भरता ना?" त्या म्हणाल्या, "हो, भरते की." मला समाधान वाटलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या आणि तोंडात तेच पांढरे ठिपके.

दुसऱ्या वेळी काय सापडलं

चूक माझी होती. प्रश्न विचारून मी थांबले होते, बघितलं नव्हतं. या वेळी मी त्यांना पंप घेऊनच बोलावलं आणि म्हटलं, "मावशी, घरी जसं करता अगदी तसंच करून दाखवा. मी काही बोलणार नाही."

मावशींनी कॅप्सूलचा पंप उघडला, कॅप्सूल टाकली, फिरवली आणि जोरात ओढली. तंत्र बरं होतं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला, तोंडात थोडा फिरवला आणि गिळून टाकला. "झाली चूळ."

नंतर मी दिवसाचा क्रम विचारला. सकाळी उठल्यावर आधी कवळी बसवायच्या, मग पंप, मग चहा. रात्री दात घासून, कवळी काढून, अंथरुणात बसल्यावर पंप. थंडीत पुन्हा उठून मोरीपर्यंत कोण जाणार, म्हणून तोच एक घोट पाणी.

यातल्या तीन गोष्टी बदलल्या तेव्हाच थ्रश गेला.

पहिली गोष्ट चूळ. आपल्या भाषेत चूळ आणि गुळणी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे दोन्ही लागतात. चूळ भरली की पाणी गाल, हिरड्या आणि जिभेच्या पुढच्या भागावर फिरतं. पण औषध सगळ्यात जास्त जिथे बसतं तो मागचा टाळू आणि घसा कोरडाच राहतो. तिथे पोचायला मान मागे करून, घशात खुळखुळ आवाज करत गुळणी करावी लागते. म्हणून क्रम असा: पंप ओढून श्वास सोडला की लगेच तोंडभर पाणी, दहा-पंधरा सेकंद खळखळून चूळ, थुंका. पुन्हा पाणी, मान मागे, गुळणी, थुंका. मग तिसऱ्यांदा चूळ आणि गुळणी दोन्ही. साधं पाणी पुरतं. मिठाच्या पाण्याची, हळदीची, माउथवॉशची गरज नाही. सोललेल्या तोंडात अल्कोहोलचा माउथवॉश तर निखाऱ्यासारखा लागतो. "लगेच" हा शब्द मात्र खरा धरा. स्टेरॉइड तोंडाच्या त्वचेत शिरायला वेळ लागत नाही. दहा मिनिटांनी केलेल्या गुळणीतून फारसं काही बाहेर पडत नाही.

आणि पाणी थुंकायचं. गिळलं तर सगळं औषध पोटात जातं. त्यातलं बहुतेक यकृत नष्ट करतं, त्यामुळे एखाद्या वेळी गिळलं गेलं तर घाबरायचं नाही. एसटीत बसलेलं असताना, थुंकायला जागाच नसेल तर पाणी पिणं हे काहीच न करण्यापेक्षा बरं. पण रोजचं हे असू नये. मावशींना मी सोपा उपाय सुचवला: अंथरुणाशेजारी तांब्याभर पाणी आणि एक रिकामं भांडं. शिवाय पंपाची वेळच बदलली. आता त्या रात्री आधी पंप घेतात आणि मग दात घासतात. दात घासताना चूळ आपोआप भरली जाते, जीभही घासली जाते, आणि मोरीवर एकदाच जावं लागतं. थंडीच्या दिवसांत हाच बदल सगळ्यात जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट कवळी. मावशींनी ती तोंडातून काढली तेव्हा टाळूवर बरोबर कवळीच्या आकाराची लाल जागा होती, पांढरा ठिपका एकही नाही. हाही थ्रशच, फक्त लाल रूपातला. अॅक्रिलिकची कवळी वरून गुळगुळीत दिसते, पण आतून तिला सूक्ष्म छिद्रं असतात. बुरशी त्यांत घर करते, आणि कवळीखाली लाळ पोचत नाही. पहिल्या वेळी मी तोंडाला औषध लावायला सांगितलं, पण कवळीकडे दुर्लक्ष केलं. तोंड साफ झालं आणि कवळी त्याला रोज पुन्हा बुरशी पुरवत राहिली.

या वेळी सूचना दिल्या त्या अशा. पंप घेण्याआधी कवळी काढायची, चूळ आणि गुळणी झाल्यावरच बसवायची. कवळी मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं घासायची, टूथपेस्टनं नाही, कारण पेस्टनं ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत बुरशी आणखी बसते. कोर्स चालू असेपर्यंत कवळी दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं क्लोरहेक्सिडिनच्या ०.२ टक्क्याच्या द्रावणात बुडवायची आणि मग चांगली धुवायची. माउथ पेंटचे दोन-चार थेंब कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचे. रात्री ती पाण्यात, तोंडात कधीच नाही. उकळत्या पाण्यात घालू नका, कवळी वाकडी होते आणि मग ती घासून जखम करते. ज्यांचं औषध निस्टॅटिन आहे त्यांनी क्लोरहेक्सिडिन आणि निस्टॅटिन यांच्यात किमान अर्धा तास जाऊ द्यावा. दोन्ही एकमेकांचा परिणाम कमी करतात.

तिसरी गोष्ट मी ठरवली नाही, त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी ठरवली. त्यांनी कॅप्सूलच्या पंपाऐवजी फवाऱ्याचा पंप दिला आणि त्यासोबत स्पेसर. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची मोठी नळी किंवा फुगा. पंपाचा फवारा आधी त्यात सुटतो. मोठे थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक थेंबच श्वासाबरोबर आत जातात. तोंडात साचणारं औषध पुष्कळ कमी होतं आणि फुप्फुसात पोचणारं वाढतं. एका वेळी एकच फवारा सोडायचा, हळू खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद धरून ठेवायचा. कॅप्सूलच्या पंपाच्या अगदी उलट. तो जोरात ओढावा लागतो आणि त्याला स्पेसर लागत नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि फडक्यानं न पुसता हवेतच वाळवायचा. पुसला की घासून स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. स्पेसर वापरला तरी चूळ आणि गुळणी चालूच ठेवायची.

सायक्लेसोनाइड नावाचं एक स्टेरॉइड तोंडात जवळजवळ निष्क्रिय असतं आणि फुप्फुसात गेल्यावरच कामाला लागतं. थ्रश पुन्हा पुन्हा होणाऱ्यांसाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. मावशींना त्याची गरज पडली नाही.

मावशी मंडळाच्या भजनात गातात. आवाज घोगरा झाल्याची त्यांची तक्रार मात्र चूळ-गुळणीनं फारशी गेली नाही. ते स्वाभाविक आहे. पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही. तिथे औषधाचा परिणाम स्वरतंतूंच्या स्नायूंवर होतो. स्पेसरनं काहीसा आराम पडतो, पण घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

फक्त सालब्युटामॉलचा निळा पंप असेल, तर त्यानंतर थ्रशच्या भीतीनं चूळ भरायची गरज नाही, त्यात स्टेरॉइड नाही. लहान मुलांना मास्क लावून ब्युडेसोनाइडचं नेब्युलायझेशन देता, तेव्हा तोंडासोबत मास्कखालचा चेहराही पाण्यानं पुसून घ्या. ज्याला चूळ भरता येत नाही त्याला पाणी पाजा.

पांढरं ते सगळं थ्रश नव्हे

हे मी कळकळीनं लिहिते, कारण यात उशीर झालेला मी पाहिला आहे. मावशींसारख्याच वयाच्या, पंप घेणाऱ्या एक बाई एकदा आल्या. गालाच्या आत पांढरा पट्टा. घरच्यांना वाटलं पंपामुळे. मी गॉजनं पुसला, तो हलला नाही. जराही नाही. विचारल्यावर कळलं की चाळीस वर्षांपासून रोज सकाळी त्या मिश्री लावतात, आणि पट्टा नेमका मिश्री घासायच्या जागी होता. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, आणि काहींमध्ये त्याचा पुढे कर्करोग होतो. त्यांची बायॉप्सी करावी लागली.

म्हणून पुसून निघणारा ठिपका बहुधा थ्रश. पुसून न निघणारा, एकाच जागी असलेला, किंवा दोन आठवड्यांच्या नीट उपचारानंतरही राहिलेला पांढरा वा लाल डाग, विशेषतः तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असेल तर, दाताच्या किंवा तोंडाच्या डॉक्टरांना दाखवायचाच. घरी नखानं खरवडत बसू नका. तोंड पूर्ण उघडत नसेल आणि तिखट झोंबत असेल, तर गुटखा खाणाऱ्याला तो वेगळाच आजार असू शकतो.

गिळताना छातीच्या मधोमध दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे माउथ पेंट पोचत नाही, गोळ्याच लागतात, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पंप नाही, अँटिबायोटिक नाही, कवळी नाही, तरी थ्रश होतोय, असं असेल तर साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. लाजायचं काही नाही.

मावशी मार्चमध्ये आल्या तेव्हा तोंड स्वच्छ होतं आणि एचबीए१सी ७.४ वर आलं होतं. दमा तीन महिने शांत राहिल्यानं छातीच्या डॉक्टरांनी डोस पुन्हा दोनशेवर आणला होता. मी विचारलं नाही, फक्त म्हटलं, "दाखवा." त्यांनी कवळी काढून डबीत ठेवली, स्पेसर लावला, हळू श्वास घेतला, बोटांवर दहा मोजले आणि बेसिनशी जाऊन मान मागे टाकली. गुळणीचा खुळखुळ आवाज बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल.